बिनभांडवली धंद्याला लागणारे सत्तर हजार

प्रति,
महाव्यवस्थापक,
जिल्हा उद्योग केंद्र, अहिल्यानगर

महोदय,

‘ऑनलाइन धंदा टाकायचाय, भांडवल लागत नाही’ असं सांगणारी मुलं आपल्या दारात येत असतील. मी तालुक्याच्या गावी जीएसटीची विवरणपत्रं भरतो. हीच मुलं काही महिन्यांनी माझ्याकडे येतात, नोंदणी रद्द करायला. हिशेब आपल्यालाही आणि त्या मुलांनाही ठाऊक असावा म्हणून हे पत्र.

ही मुलं म्हणतात तो धंदा म्हणजे ड्रॉपशिपिंग. त्याची पद्धत साधी आहे. माल आपल्याकडे ठेवायचाच नाही. सुरत, राजकोट किंवा दिल्लीच्या पुरवठादाराचे फोटो आपल्या वेबसाइटवर लावायचे, इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरात करायची, ऑर्डर आली की ती पुरवठादाराकडे सरकवायची. तो माल थेट गिऱ्हाइकाला पाठवतो आणि मधला फरक आपला. २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेली मीशो आधी अशीच चालत होती. बायका व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो पाठवून वर आपली रक्कम चढवायच्या. पुढे मीशो थेट गिऱ्हाइकालाच विकू लागली आणि मधल्या माणसाची जागा आक्रसली. आज जो फोटो आपला मुलगा जाहिरातीत वापरतो, तोच फोटो गिऱ्हाइकाला दुसऱ्या ॲपवर निम्म्या किमतीत दिसू शकतो. या धंद्याचे कोर्स विकणारे हे सांगत नाहीत. त्यांचा नफा कोर्सच्या फीमध्ये असतो.

एक कच्चा हिशेब मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत दिसतात त्यांच्या जवळचे. मोटारसायकलला लावायचा मोबाइल होल्डर घ्या. पुरवठादाराचा भाव २२० रुपये, विक्री ५९९, सगळी कॅश ऑन डिलिव्हरी. एका ऑर्डरमागे जाहिरात १४० रुपये, कुरिअर ८०. कागदावर १५९ रुपये उरतात आणि मुलगा खूश होतो.

आता शंभर ऑर्डरी पाठवू. त्यांतल्या तीस परत येतात. दारात आलेलं पार्सल ‘नको’ म्हणायला गिऱ्हाइकाला एक पैसाही लागत नाही, म्हणून कॅश ऑन डिलिव्हरीत एवढं परत येणं अगदीच दुर्मीळ नाही. सत्तर पोचल्या, तर हातात ४१,९३० रुपये. सत्तर नगांचा माल १५,४००, शंभरांची जाहिरात १४,०००, शंभरांचं कुरिअर ८,०००, तीस पार्सलांचा परतीचा खर्च ६५ रुपयांप्रमाणे १,९५०. उरले २,५८०. अठरा टक्के जीएसटी भरून, मालाच्या, जाहिरातीच्या आणि कुरिअरच्या बिलावरचं क्रेडिट वजा केलं तरी चारशेच्या आसपास जातात. म्हणजे शंभर ऑर्डरींमागे सुमारे २,२०० रुपये. आणि यात मी परत आलेले तीसही नग पुरवठादार पूर्ण पैशात घेईल असं धरलंय, जे नेहमी होत नाही. आता पोचलेल्या सत्तरांपैकी पाच जणांनी ‘होल्डर ढिला आहे’ म्हणून पैसे परत मागितले आणि उघडलेला नग पुरवठादाराने नाकारला, की हेही संपून पदरचे पैसे घालावे लागतात.

या हिशेबातला सगळ्यात महागडा आकडा तीस हा आहे, आणि तो उशिरातून वाढतो. सुरतेहून निघालेलं पार्सल भिवंडी, पुणे, नगर असा प्रवास करून जामखेड किंवा अकोल्याच्या शाखेत येतं. त्याआधी पुरवठादाराकडेच दोन दिवस जातात, कारण तोच नग एकाच वेळी कितीतरी दुकानदार विकत असतात आणि साठा नक्की किती हे आपल्या मुलाला दिसतच नाही. मग पत्ता: ‘वस्ती, मारुती मंदिराजवळ, पोस्ट अमुक’. घरांना नंबर नाहीत, एका पिनकोडात कितीतरी वाड्या आणि वस्त्या. डिलिव्हरीवाला फोन करतो, उचलला नाही की ‘गिऱ्हाईक उपलब्ध नाही’ अशी नोंद करतो. ही नोंद खरी की खोटी हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे गिऱ्हाइकालाच विचारणं. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. पार्सल गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत आठवा दिवस उजाडलेला असतो. रात्री मोबाइल चाळताना घेतलेल्या वस्तूची हौस इतके दिवस टिकत नाही, आणि बाजाराच्या दिवशी हातात असलेले पैसेही.

उशिराचा दुसरा मार कोणी मोजत नाही. जाहिरातीचे पैसे आज जातात. पुरवठादार आणि कुरिअर, दोघेही वॉलेटमध्ये आगाऊ पैसे मागतात. गिऱ्हाइकाने आठव्या दिवशी दिलेली रोकड कुरिअर कंपनीकडून आपल्या खात्यात यायला आणखी आठवडाभर लागू शकतो. म्हणजे साधारण सोळा दिवस पैसा बाहेर. एका ऑर्डरमागे ४४० रुपये, रोज दहा ऑर्डरी, सोळा दिवस: ७०,४०० रुपये. हे झालं बिनभांडवली धंद्याचं भांडवल. ते नसलं की मुलगा ऐन भरात जाहिरात थांबवतो किंवा क्रेडिट कार्डावर उचलतो. विक्री वाढली की अडचण वाढते, हे त्याला कळतच नाही; त्याला वाटतं जाहिरात जमली नाही.

कायद्याचंही ऐका. माल परराज्यातल्या गिऱ्हाइकाला विकला की जीएसटी नोंदणी पहिल्या विक्रीपासून लागते, चाळीस लाखांची मर्यादा तिथे कामाची नाही. आणि २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. अपवाद दैवी आपत्तीसारख्या कारणांचा. विक्रेता म्हणजे सुरतचा पुरवठादार नव्हे, बिलावर ज्याचं नाव आहे तो शेवगावचा मुलगा.

मग हा मार्ग बंदच करावा का? नाही. कोणती वस्तू चालते हे अजमावायला तो चांगला आहे. वीस-पंचवीस ऑर्डरींत वस्तू चालली की पन्नास नग विकत घ्यावेत, घरी ठेवावेत, ऑर्डर आली त्याच दिवशी नगरहून पाठवावेत आणि जाहिरात आपल्या व शेजारच्या जिल्ह्यांतच करावी. पार्सल तिसऱ्या दिवशी पोचलं आणि परतीचं प्रमाण तिसावरून पंधरावर आलं, तर त्याच शंभर ऑर्डरींत, त्याच भावात, जीएसटी भरून साडेसात हजारांच्या वर उरतात. ऑर्डरींत अडकणारा पैसाही सत्तर हजारांवरून अठ्ठेचाळीसच्या आसपास येतो; घरी ठेवलेल्या पन्नास नगांचे अकरा हजार त्यात धरलेले नाहीत. फोनवर ‘उद्या पार्सल येतंय, घरी कोण आहे?’ एवढं मराठीत विचारलं तर परतीचं प्रमाण आणखी उतरतं. सुरतेला बसलेला माणूस हे करणार नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच. अशा प्रस्तावावर सल्ला देताना यंत्रसामग्रीच्या कोटेशनऐवजी दोन गोष्टी मागा. एक, सोळा दिवसांचा तक्ता: कोणत्या दिवशी किती पैसे बाहेर, कोणत्या दिवशी किती आत. दोन, त्याच पुरवठादाराकडून मागवलेल्या पाच पार्सलांच्या पावत्या. अकोले, पाथर्डी, जामखेड, कर्जत आणि श्रीरामपूर इथल्या ओळखीच्या घरी मागवलेल्या, प्रत्येकीवर निघाल्याची आणि पोचल्याची तारीख. हजार-दीड हजाराचा खर्च आहे, आणि त्यात दोन पार्सलं दहाव्या दिवशीही आली नसतील, तर प्रस्ताव पुढे न्यायचा की नाही हे मुलगा आपणहून सांगेल.

आपला,
एक कर सल्लागार, शेवगाव