न काढलेल्या कर्जाचा पुरावा कोणी द्यावा?

एखाद्या माध्यमिक शिक्षिकेने घराचा सौदा ठरवावा, विसार द्यावा, साठेखतात तीन महिन्यांची मुदत मान्य करावी आणि मग बँकेकडे कर्जासाठी अर्ज करावा, हा मध्यमवर्गीय संसारातला नेहमीचा क्रम होय. परंतु बँकेतून उत्तर येते की, बाईंच्या नावे ४८,००० रुपयांचे एक वैयक्तिक कर्ज थकलेले असून ते फिटल्यावाचून घराचे कर्ज मंजूर होणार नाही. बाईंनी असे कर्ज कधी काढलेलेच नसते. मुदत संपली तर विसार बुडणार आणि घरही जाणार. अशा वेळी जो सल्ला चोहोकडून मिळतो, तो म्हणजे ‘काहीतरी भरून प्रकरण मिटवून टाका’ हा होय. नेमका हाच सल्ला सर्वांत घातक आहे.

पैसे भरणे म्हणजे कर्ज आपलेच असल्याची कबुली दिल्यासारखे होते. शिवाय तडजोडीने कमी रक्कम भरली, तर अहवालात तशी नोंद राहते आणि पुढील प्रत्येक धनको ती प्रतिकूलच मानतो. म्हणून एक पैसाही न भरता प्रथम पतअहवाल नीट वाचला पाहिजे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या देशात आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. चारही अहवाल मागवावेत, कारण एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे सापडू शकते.

अहवाल वाचताना प्रथम स्वतःच्या स्मरणशक्तीचीच उलटतपासणी करावी. भ्रमणध्वनीवरील ॲपमधून ‘आता घ्या, नंतर द्या’ या सवलतीने घेतलेली वस्तू हेही कर्जच असते, आणि अहवालात ॲपचे नाव न येता त्यामागील वित्तसंस्थेचे अपरिचित नाव येते. नातेवाइकाला दिलेली हमीही येथे दिसते. या शक्यता फोल ठरल्यावर अहवालातील पत्ते व दूरध्वनी क्रमांक पाहावेत. तेथे अनोळखी क्रमांक असेल तर तो तोतयाचा असण्याचा दाट संभव आहे. कुणी अहवाल पाहिल्याची सूचनाही मग त्याच क्रमांकावर जात राहते. कोणत्या संस्थांनी केव्हा चौकशी केली, याची यादीही अहवालात असते. त्या तोतयाने आणखी कोठे हात मारला, हे त्यावरून कळते. पॅन व पत्ता मात्र दुसऱ्याच कुणा नामसाधर्म्य असलेल्या व्यक्तीचा दिसला, तर ती फसवणूक नसून नोंदींची सरमिसळ असू शकते.

यापुढचे पाऊल बहुतेकांचे चुकते. लोक पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर आक्षेप नोंदवतात आणि दुरुस्तीची वाट पाहत बसतात. वास्तविक २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यान्वये ही कंपनी नोंद आपल्या अधिकारात बदलू शकत नाही. ज्या संस्थेने ती नोंद पाठवली, तिने दुरुस्ती प्रमाणित करावी लागते. म्हणजे कुलूप एकीच्या दारावर, तर किल्ली दुसरीच्या कनवटीला! म्हणून आक्षेप दोन्हीकडे, एकाच दिवशी आणि लेखी नोंदवावा, व दोन्ही तक्रारींचे क्रमांक जपून ठेवावेत.

धनको संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिताना ‘हे कर्ज माझे नाही’ एवढ्यावर थांबू नये. कर्जाचा अर्ज, करारपत्र, ओळखीसाठी घेतलेली कागदपत्रे व छायाचित्र, संमतीचा संकेतांक ज्या क्रमांकावर गेला तो क्रमांक, आणि मुख्य म्हणजे रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील मागावा. ही शेवटची मागणी म्हणजे प्रकरणाची नाडी होय. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांपासून डिजिटल कर्जाची रक्कम, काही अपवाद वगळता, थेट ऋणकोच्याच बँक खात्यात गेली पाहिजे. रक्कम दुसऱ्याच खात्यात गेली असेल, तर फसवणुकीचा याहून सबळ पुरावा दुसरा कोणता? पत्रासोबत पोलीस तक्रारीची प्रतही जोडावी. ही तक्रार १९३० या क्रमांकावर अथवा cybercrime.gov.in येथे नोंदवता येते. पोलीस ठाण्यातही ती लेखी देऊन पोच घ्यावी.

आता दिवस मोजावेत. समजा, बाईंनी ३ जूनला तक्रार नोंदवली. धनको संस्थेने एकवीस दिवसांत, म्हणजे २४ जूनपर्यंत, सुधारित माहिती पाठवली पाहिजे आणि तीस दिवसांत, ३ जुलैपर्यंत, तक्रारीचा निकाल लागला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम असा की, तीस दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदारास शंभर रुपये भरपाई मिळावी. निकाल २८ जुलैला लागला तर पंचवीस दिवसांचे अडीच हजार रुपये झाले. विलंब ज्या संस्थेचा, तिने ते द्यावयाचे. तक्रार फेटाळली तर कारणे कळवणेही बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, अथवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर cms.rbi.org.in येथे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, आणि त्यात दिरंगाई करू नये. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

नियम आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यांतील एक मूलभूत उणीव नजरेआड करता येत नाही. ज्या संस्थेने पुरेशी शहानिशा न करता तोतयाला पैसे दिले, तिच्याच प्रमाणपत्रावर निरपराध्याची सुटका अवलंबून ठेवण्यात आली आहे. आरोपीलाच पंच नेमण्यासारखे हे आहे. कर्ज दिले असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, हा जुन्या सावकारी व्यवहारातही मानला जाणारा न्याय. सावकाराला निदान अंगठा उठवलेला कागद तरी दाखवावा लागे! येथे मात्र कर्ज घेतले नाही, हे नाकारणाऱ्याने सिद्ध करावे अशी अपेक्षा आहे, आणि जे घडलेच नाही त्याचा पुरावा माणसाने आणावा कोठून?

यावर उपाय अवघड नाही. फसवणुकीची तक्रार पोलीस पोचीसह दाखल होताच ती नोंद निकालापर्यंत पतमानांकाच्या हिशेबातून बाजूला ठेवावी आणि एकवीस दिवसांत करारपत्र व रक्कम जमा झाल्याचा पुरावा न देणाऱ्या संस्थेची नोंद आपोआप रद्द व्हावी. यामुळे खोटे आक्षेप वाढतील, अशी भीती घातली जाईल. परंतु ज्या संस्थेकडे अस्सल कागद आहेत, तिला ते दाखवण्यास एकवीस दिवस पुष्कळ झाले. ज्या बाईंचे साठेखत सप्टेंबरात संपते, त्यांना शंभर रुपये रोजाची भरपाई घर मिळवून देत नाही. त्यांना हवा आहे तो वेळेवरचा न्याय. आणि तोवर, मागितलेला कागद हाती पडेपर्यंत, त्यांनी एकही रुपया भरता कामा नये.