एक काम धड होईल तर शपथ!

हातातून कप निसटतो आणि फुटतो. घरात दुसरं कोणी नसतं. तरीही मनात लगेच एक वाक्य उमटतं. ते वाक्य कोणतं, हे जरा आठवून पाहा. काहींच्या मनात नुसतं "अरेच्चा, गेला कप" एवढंच येतं. पण काहींना ऐकू येतं, "वेंधळी कुठली! तुझ्या हातून एक काम धड होईल तर शपथ!"

दुसरं वाक्य नीट ऐकलंत तर एक गंमत लक्षात येईल. तुम्ही स्वतःशीच बोलत असता, पण वाक्यात 'मी' नसतो, 'तू' असतो. त्यात 'नेहमी', 'कधीच', 'एकही' असे शब्द असतात. फुटतो एक कप, पण निकाल लागतो अख्ख्या माणसाचा. या खुणा दिसल्या की समजावं, हे वाक्य आजचं नाही. ते फार पूर्वी दुसऱ्या कोणीतरी म्हटलेलं आहे.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय 43, राहायला बडोद्यात, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम. दोनदा बढती चालून आली आणि दोन्ही वेळा त्यांनी "घरच्या अडचणी आहेत" म्हणून नाकारली. अडचण काहीच नव्हती. महिनाअखेरचा तक्ता चार-चार वेळा तपासल्याशिवाय त्या पाठवत नसत. घरी पाहुणे आले की ताट वाढण्याआधीच म्हणत, "आज काही नीट जमलं नाही हं."

आठ वर्षांच्या असताना त्यांच्या हातून तुपाचा डबा सांडला होता. सणाचे दिवस, घरात माणसं, महिन्याचं तूप फरशीवर. आई सगळ्यांसमोर तेच वाक्य बोलली. पुढे ते इतक्यांदा आलं की मुलीला ते पाठ झालं.

मोठ्या माणसाला असं कोणी बोललं तर तो म्हणू शकतो, "आज हिचं काहीतरी बिनसलंय." आठ वर्षांच्या मुलीला ते जमत नाही. आई चुकते आहे असं मानणं तिला फार भीतीदायक वाटतं, कारण सगळा आधार आईचाच असतो. त्यापेक्षा 'मीच अशी आहे' हे मानणं सोपं जातं. आणि मग ती एक नियम करते: जबाबदारी घेतलीच नाही, तर चूकही होणार नाही. हा नियम त्या वयात कामाला येतो. त्रेचाळिसाव्या वर्षी तोच नियम बढती नाकारतो. शिवाय जबाबदारी घेतलीच नाही, तर आपल्याला ती जमते का हे कळणार तरी कसं? जुनं वाक्य त्यामुळेच कधी तपासलं जात नाही.

मग करायचं काय? आरशासमोर उभं राहून "मी हुशार आहे, मी कर्तबगार आहे" असं रोज म्हणा, हा सल्ला तुमच्याही फोनवर सकाळी सकाळी येत असेल. त्याबद्दल सावध करते. कॅनडातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनात म्हणायला दिलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं, त्यांना थोडं अधिक बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती, त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. कारण न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच हुज्जत घालतं आणि सगळे जुने पुरावे बाहेर काढतं.

म्हणून आम्ही पटेल असं वाक्य शोधलं. "माझ्या हातून काही धड होत नाही" यावर शंभरातला किती विश्वास आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नव्वद." "मी सगळं उत्तम करते" यावर? त्या हसल्या. "पाचसुद्धा नाही." बरीच खाडाखोड करून शेवटी हे वाक्य तयार झालं: "माझी बरीचशी कामं नीट होतात. काही चुकतात आणि त्यातल्या बहुतेक दुरुस्त करता येतात." यावर विश्वास चाळीस. तेवढा पुरतो. वाक्य दिसायला साधं आहे, पण त्यांचं मन त्याच्याशी भांडत नव्हतं.

पुढचं काम एका छोट्या वहीत. रोज रात्री नीट झालेल्या एक-दोन गोष्टी लिहायच्या, फक्त घडलं ते. 'गॅसचं बिल वेळेत भरलं.' 'नव्या मुलीला जीएसटीची नोंद समजावली, तिने ती बरोबर केली.' पहिल्या आठवड्यात वही जवळजवळ कोरी. "लिहिण्यासारखं काही घडलंच नाही," त्या म्हणाल्या. खरं तर घडत होतं, पण मन दारातूनच परत पाठवत होतं: त्यात काय मोठं, नशीब होतं, साहेब चांगले म्हणून कौतुक केलं. मग ठरवलं की हे 'पण'सुद्धा लिहायचं आणि त्यावर एक रेघ मारायची. अशा रेघा पाहिल्यावरच त्यांना कळलं की आपण किती परत पाठवत होतो.

सहाव्या आठवड्यात त्यांनी नियम मोडून पाहिला. तक्ता एकदाच तपासून पाठवला. आणि त्यात खरंच चूक निघाली! मला वाटलं, आता सगळं ओंफस होणार. साहेबांचा निरोप आला, "एक आकडा बघा, दुरुस्त करून पाठवा." दहा मिनिटांत काम झालं. त्या रात्री वहीत लिहिलं होतं: 'चूक झाली. दुरुस्त केली. कोणी काही बोललं नाही.' नव्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता. चूक न होता सगळं सुरळीत गेलं असतं, तर त्या पुन्हा 'नशीब' म्हणाल्या असत्या.

नंतर एकदा डोळे मिटून त्या तुपाच्या डब्याजवळ गेल्या, पण आजच्या वयाने. घडलेलं बदलायचं नव्हतं. त्या मुलीशी काय बोलाल, एवढंच मी विचारलं. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "डबा जड होता गं. तो तुला उचलायला सांगायलाच नको होता."

ही शेवटची पायरी मात्र सगळ्यांनी एकट्याने करू नये. लहानपणी मारहाण किंवा अत्याचार झाला असेल, आठवणींनी झोप उडत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रशिक्षित माणूस सोबत हवाच. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

चार महिन्यांनी जुन्या वाक्यावरचा विश्वास नव्वदवरून पन्नासवर आला होता. शून्यावर आला नाही, आणि येईल असं मी सांगितलंही नव्हतं. दमलेल्या दिवशी तो आवाज अजून येतो. आता तो आला की "आलीस का?" म्हणून त्या पुढच्या कामाला लागतात.

आईशी याबद्दल बोलू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. आई आता पंचाहत्तरीची आहे आणि त्यांच्याकडेच राहते. बोलायलाच हवं असं नाही, म्हटलं, तुम्हीच ठरवा. मग एका संध्याकाळी आईच्या थरथरत्या हातातून दुधाचं पातेलं निसटलं. म्हातारी स्वतःवरच ओरडली, "माझ्या हातून एक काम धड होईल तर शपथ!" अगदी तेच शब्द. त्या सांगत होत्या, "मी फडकं घेऊन खाली बसले. म्हटलं, आई, पातेलं जड होतं. आणि मग विचारलं, तुला हे कोण म्हणायचं गं?"

आई म्हणाली, "माझी आजी."