'नाही' गळाले, क्रमांक टिकला

व्याख्यानाच्या व्हिडिओला सबटायटलची फाइल जोडण्याची टूम आता आपल्या महाविद्यालयांतही आली आहे. त्यामागचे कारण बहुधा एकच सांगतात: फाइल जोडली की व्हिडिओ शोधात वर येतो. कर्णबधिर विद्यार्थ्यांची सोय जाता जाता होते. ती होते का, हे मात्र कोणी तपासत नाही.

समजा, अर्थशास्त्राचा तास आहे. आवाज ओळखणाऱ्या यंत्राने तयार केलेल्या फाइलमध्ये असा तुकडा येतो:

```
212
00:31:07,400 --> 00:31:12,000
पुरवठा पूर्ण लवचीक असेल तर
मागणी वाढली तरी किंमत वाढत राही
```

प्राध्यापक म्हणाले होते, 'वाढत नाही.' मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. नेमका तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो, तोंड फळ्याकडे वळते. यंत्राने 'नाही'चे 'राही' केले आणि सिद्धांत उलटा झाला.

शोधयंत्राचे यात काहीच बिघडत नाही. पुरवठा, लवचीक, मागणी, किंमत हे चारही शब्द जागेवर आहेत. या शब्दांनी शोधणाऱ्याला व्हिडिओ सापडू शकेल. ज्यांना ऐकू येते त्यांनी खरे वाक्य ऐकलेलेच असते. त्यांची तक्रार येणार नाही. फसतो तो फक्त पडद्यावरची ओळ वाचणारा. तो वहीत उलटा नियम उतरवतो आणि उत्तरपत्रिकेतही तोच लिहितो.

म्हणून शोधातला क्रमांक ही सबटायटलची कसोटी नव्हे. क्रमांकासाठी केलेली फाइल कर्णबधिर विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. त्याच्यासाठी नीट केलेली फाइल मात्र शोधालाही पुरते. यंत्राने आणखी कुठे 'लवचीक'चे दोन भलतेच शब्द केले असतील, तर ते दुरुस्त होतात आणि शोधणाऱ्यालाही मग नेमका शब्द मिळतो. उलट बाजूने हे घडत नाही. शिवाय फाइल चढवली की व्हिडिओ वर गेलाच, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. क्रमांक ठरण्यात मथळ्यापासून प्रेक्षक किती वेळ टिकतो इथपर्यंत बरेच काही येते.

'यंत्राची फाइल होती ना' ही सबब इतरत्र चाललेली नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मोफत व्याख्यानांवर बोट ठेवले, तेव्हा आपोआप तयार झालेली सबटायटल चुकीची आणि अपुरी असल्याचाही आक्षेप त्यात होता. पुढच्या वर्षी विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती आणि चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. दुरुस्तीऐवजी कुलूप घातले, हेही काही भूषणावह नव्हे.

काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. यंत्राची फाइल कच्चा खर्डा समजून घ्यावी. विषय जाणणाऱ्या माणसाने ती व्याख्यान ऐकत ओळीओळीने तपासावी. आधी नकार पाहावेत, मग आकडे, मग परिभाषा. विद्यार्थ्याचा प्रश्न माइकवर आला नसेल, तर तोही लिहावा. नाहीतर उत्तर अधांतरी राहते. फाइल UTF-8मध्ये जतन करावी, म्हणजे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत नाहीत. मग यूट्यूब स्टुडिओत With timing निवडून ती चढवावी.

हाच तपासलेला मजकूर व्हिडिओखाली, महाविद्यालयाच्या पानावर साध्या युनिकोडमध्ये ठेवावा. अंध-कर्णबधिर वाचकाला सबटायटलचा उपयोग नाही. तो ब्रेल पट्टीवर हा मजकूर वाचतो. फळ्यावर 'ही रेषा तिला इथे छेदते' असे म्हटले असेल, तर कोणती रेषा कोणत्या रेषेला छेदते हे त्यात लिहायला हवे. शोधयंत्रालाही हे पान सरळ वाचता येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. शोधयंत्र आणि पडदावाचक दोघांनाही ती निरर्थक अक्षरांची रांग असते.

फाइल चढवण्यापूर्वी विभागप्रमुखांनी एवढे करावे: आवाज बंद करून व्याख्यानाची दहा मिनिटे नुसती वाचावीत आणि समजले ते प्राध्यापकांना सांगावे. प्राध्यापक 'मी असे म्हणालोच नव्हतो' म्हणाले, तर ती फाइल नापास. मग व्हिडिओ शोधात पहिला आला तरीही.