उरुसाची बातमी आणि चार प्रश्न

या अंकात मधल्या टप्प्यातल्या वाचकांसाठी परभणीच्या उरुसाची छोटी बातमी दिली आहे. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर दर फेब्रुवारीत हा उरूस भरतो, आणि सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात. बातमी लिहायला सोपी गेली. वेळ खाल्ला तो बातमीखालच्या चार प्रश्नांनी.

बातमीत एक वाक्य आहे: ‘संदलच्या मिरवणुकीने उरुसाला सुरुवात झाली.’ पहिल्या खर्ड्यात प्रश्न होता, ‘उरुसाला कशाने सुरुवात झाली?’ यात संदल म्हणजे काय हे ठाऊक नसलेलं मूलही बरोबर उत्तर लिहितं. तेच शब्द उचलायचे आणि वहीत उतरवायचे. समजलं काय, ते कळत नाही.

म्हणून बातमीत पुढे एक वाक्य वाढवलं: ‘उगाळलेलं चंदन वाजतगाजत नेऊन मजारीवर लावलं.’ आता प्रश्न आहे, ‘मिरवणुकीतून काय नेलं आणि त्याचं पुढे काय केलं?’ संदल आणि चंदन एकच, हे मुलाला दोन वाक्यं जोडूनच कळतं. ‘उरूस’ शब्दाचंही तसंच. मूळ अरबी अर्थ लग्नसोहळा. सुफी परंपरेत संताची पुण्यतिथी म्हणजे ईश्वराशी मीलन. एवढं चौकटीत दिलं आहे, आणि ‘पुण्यतिथीला आनंद का?’ हा शेवटचा प्रश्न त्यावरच आहे.

शिक्षकांना विनंती: या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून देऊ नका. मुलांना आधी स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.