फोटो लहान करताना दिवे का विझतात?

जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. तिथल्या एखाद्या गच्चीवरून रात्री शहराचा फोटो काढला, की त्यात रस्त्यावरचे दिवे, लांबच्या खिडक्या आणि गाड्यांचे हेडलाइट असे शेकडो बारीक ठिपके येतात. संगणकावर पूर्ण आकारात हे ठिपके लखलखीत दिसतात. तोच सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो अंकासाठी दीड हजारांवर आणला की शहर मंद होते आणि लांबचे दिवे जवळजवळ नाहीसे होतात. मग छायाचित्रकार लेन्सला, नाहीतर जेपीईजीच्या दाबणीला दोष देतात. दोष बहुतेक वेळा आकार लहान करण्याच्या हिशोबात असतो.

फाइलमधले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. एसआरजीबी पद्धतीत गडद छटांना जास्त आकडे मिळावेत म्हणून ते वक्राने बसवलेले असतात. त्यामुळे १२८ हा आकडा म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, तर पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्के. निम्मा प्रकाश १८८ ला येतो. बरीच सॉफ्टवेअर मात्र हे आकडे तसेच उचलून त्यांची सरासरी काढतात.

आपल्या फोटोत लांबी-रुंदीला प्रत्येकी चार, म्हणजे सोळा पिक्सेलचा एक पिक्सेल होणार आहे. त्या सोळांत एक दिवा २५५ चा आणि उरलेले पंधरा पिक्सेल रात्रीच्या आभाळाचे, २० चे, असे धरू. आकड्यांची थेट सरासरी येते ३५. आता हेच आकडे आधी प्रकाशात बदलू. दिवा १, आभाळ सुमारे ०.००७. यांची सरासरी ०.०६९, आणि ती परत वक्रावर चढवली की येतात ७४. फाइलमध्ये ३५ लिहिले गेले तर त्या जागी प्रत्यक्ष प्रकाश उरतो ०.०१७, म्हणजे हवा होता त्याचा चौथा हिस्सा. मोठी प्रिंट भिंतीला लावून मागे सरकत गेलो तर डोळ्यात प्रकाशाची बेरीज होते, आकड्यांची नाही. म्हणून ७४ हेच खरे उत्तर.

दिवा जितका बारीक आणि भोवतालचा अंधार जितका गडद, तितकी ही तूट मोठी. दिवसाच्या सपाट प्रकाशातल्या फोटोत ती जाणवतही नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षे ती खपून गेली आहे. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, सूर्यासमोरून काढलेल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोत मात्र ती लगेच पकडता येते. लाटांवरची चमचम लहान फोटोत राखाडी होऊन जाते.

उपाय सोपा आहे. फाइल आधी लिनिअर करायची, मग आकार बदलायचा, मग परत एसआरजीबीत आणायची. इमेजमॅजिकमध्ये:

```
magick ratra.tif -colorspace RGB -filter Triangle -resize 1500x -colorspace sRGB -depth 8 ratra.jpg
```

इथे `RGB` म्हणजे लिनिअर. फाइल अॅडोबी आरजीबीत असेल तर ती आधी एसआरजीबीत बदलून घ्यावी. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी फोटो ३२ बिटमध्ये न्यावा, तिथे आकार बदलावा आणि मग परत यावे. मधला टप्पा ८ बिटमध्ये कधीच करू नये. लिनिअरमध्ये गडद छटांना मोजकेच आकडे मिळतात आणि आभाळात पट्टे उठतात.

वरच्या आज्ञेत आम्ही मुद्दाम `Triangle` हा मऊ फिल्टर दिला आहे. लँकझोससारखे धारदार फिल्टर प्रखर ठिपक्याच्या शेजारून प्रकाश वजा करतात. लिनिअर हिशोबात ही वजाबाकी अंधाराला झेपत नाही, आणि दिव्याभोवती काळे कडे उमटते. धार हवी असेल तर ती नंतर, परत आल्यावर, हलक्या हाताने द्यावी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उजळ पाण्यावर रोहिताचा बारीक, गडद पाय असतो. चार पिक्सेलपैकी तीन २४० चे पाणी आणि एक ४० चा पाय असेल, तर जुन्या रीतीने १९० येतात आणि लिनिअरने २१२. पाय फिकट होतो. प्रकाशाच्या दृष्टीने तेच बरोबर असले, तरी काहींना जुना, ठसठशीत पाय आवडेल. ती निवड छायाचित्रकाराची आहे, पण ती समजून केलेली असावी. आणि मूळ फोटोतच दिवा २५५ ला कापला गेला असेल, तर त्यापलीकडचा प्रकाश कोणताही हिशोब परत आणत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यावरच एक्स्पोजर आवरावे लागते.

आपले सॉफ्टवेअर काय करते हे पाच मिनिटांत तपासता येते. एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी चौकड्यांची नक्षी बनवा, ती निम्म्या आकाराची करा आणि आयड्रॉपरने आकडा पाहा. १२८ च्या आसपास आला तर हिशोब चुकतो आहे, १८८ च्या आसपास आला तर बरोबर आहे. पुढच्या अंकासाठी रात्रीचे फोटो पाठवणाऱ्यांनी ही तपासणी करूनच फाइल लहान करावी. जमत नसेल तर पूर्ण आकाराची फाइल पाठवावी, आम्ही इथे लिनिअरमध्ये लहान करून घेऊ.