टेलरच्या हिशेबातील विश्रांती

कॉल सेंटर आणि गोदामांतील टार्गेटांचे समर्थक असे मांडतात की, काम मोजले म्हणजे मुकादमाची मर्जी संपते, उत्पादन वाढते आणि त्यातून मजुरीही वाढते. हा पूर्वपक्ष फ्रेडरिक टेलर यांच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वर, म्हणजे प्रत्येक हालचाल घड्याळाने मोजून कामाची एकच उत्तम रीत ठरवण्याच्या पद्धतीवर उभा आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही; फावड्यावर सुमारे 21 पौंड माल घेतल्यास दिवसाचे काम सर्वाधिक होते हे ताडून त्यांनी हलक्या व जड मालासाठी निरनिराळी फावडी देवविली, यात मजुराचीही सोय होती.

शास्त्राचा दावा तपासायचा तो मात्र बेथलेहेम पोलाद कारखान्यातील 1899 च्या प्रयोगावर. तेथे 92 पौंडांच्या लोखंडी लाद्या वाघिणीत चढवणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलत असे. टेलर यांनी हे प्रमाण साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचे सांगितले, म्हणजे काम जवळजवळ चौपट झाले, तर मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर, म्हणजे साठ टक्क्यांनीच वाढली. पुढे संशोधकांनी मूळ कागदपत्रे चाळली तेव्हा असे दिसले की, निवडक धडधाकट माणसांचा काही मिनिटांचा वेग दिवसभरावर पसरवून त्यातून अंदाजाने चाळीस टक्के वजा करण्यात आले होते. अंदाजालाच शास्त्र म्हणण्याची खोड अशी जुनी आहे. शिवाय आठांपैकी एखाद्यालाच हा वेग झेपतो, हे टेलर यांनीच लिहून ठेवले.

तरीही त्यांच्या हिशेबात एक गोष्ट होती, जी आजच्या अनुयायांनी गाळली: 92 पौंडांची लादी उचलणाऱ्याच्या हातावर दिवसाचा 43 टक्केच वेळ भार असावा, उरलेला 57 टक्के वेळ हात मोकळे असावेत. अनेक आधुनिक गोदामांत हातातील स्कॅनर दोन वस्तूंमधील अंतर सेकंदांत नोंदवतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा खंड ‘कामाबाहेरचा वेळ’ म्हणून कामगाराच्या नावे जमा होतो, मग तो पाणी पिण्यात गेलेला असो वा शौचालयापर्यंतच्या लांब वाटेत. टेलर यांनी ज्या विश्रांतीला कामाचा भाग मानले, ती येथे कसूर ठरते.

कॉल सेंटरमध्ये तर मोजमाप स्वतःलाच फसवते. बोलणे, ग्राहकाला थांबवून ठेवणे आणि नंतरची नोंद यांच्या सरासरी वेळेचे टार्गेट सहा मिनिटांचे असेल आणि तक्रार नऊ मिनिटांची असेल, तर कर्मचारी सहाव्या मिनिटाला फोन आटोपतो. ग्राहक पुन्हा फोन करतो, एकूण बारा मिनिटे खर्च होतात, आणि तक्त्यावर मात्र दोन्ही फोन टार्गेटमध्ये बसलेले दिसतात.

तरीही मोजमाप टाकून देणे हा सिद्धांत होऊ शकत नाही. टार्गेट कसे काढले हे कामगाराला दाखवावे, विश्रांती वजा न करता त्यातच धरावी आणि फोनच्या लांबीऐवजी पहिल्याच फोनमध्ये सुटलेल्या तक्रारी मोजाव्यात, हा खरा सिद्धांत होय. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सर्वस्वी कल्पनेतल्या नाहीत: 2022 पासून लागू असलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मोठ्या गोदामांना टार्गेट कामगारांना लेखी द्यावे लागते, आणि जेवणाची सुट्टी, विश्रांती वा शौचालयाचा वापर हिरावणारे टार्गेट लादता येत नाही.