बोडनझेकाठच्या मराठी मंडळींनो, फोनचं रोमिंग आत्ताच तपासा

फ्रीडरिक्सहाफन, मेअर्सबुर्ग, कोन्स्टान्झ या भागात राहणाऱ्यांना आणि पुणे-चाकणहून कामासाठी किंवा मुलांकडे इथे येणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. सरोवराकडे फिरायला निघण्यापूर्वी फोनमधलं Data Roaming बंद करा. सीमा ओलांडली नाही, तरी जर्मन काठावर बसल्या बसल्या स्वित्झर्लंडचं बिल लागू शकतं.

या सरोवराला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश लागतात. जून 2017 पासून युरोपीय संघात घरच्याच दराने रोमिंग मिळतं. त्यामुळे ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झला जाताना आपण Data Roaming चालू करतो, खर्च काहीच येत नाही आणि मग ते बटण कायमचं चालूच राहतं. स्वित्झर्लंड मात्र या नियमात नाही. (शेजारचं चिमुकलं लिश्टेनश्टाइन आहे!) काही जर्मन प्लॅन स्वित्झर्लंड आपणहून धरतात, स्वस्त प्रीपेड प्लॅन बरेचदा धरत नाहीत. आपल्या कराराच्या कागदात Schweiz हा शब्द शोधा.

आता फोन पलीकडे जातो कसा ते पाहा. कोन्स्टान्झचं जुनं शहर स्विस क्रॉइत्सलिंगनला अगदी खेटून आहे. तिथल्या जाड दगडी भिंतींच्या एखाद्या कॅफेत आत जाऊन बसलात, की तुमच्या कंपनीचा सिग्नल पडतो. दुसऱ्या जर्मन कंपनीचा टॉवर जवळ असला तरी फोनला तिथे सहसा थारा मिळत नाही, कारण ग्राहकांच्या रोजच्या वापरासाठी बहुतेक कंपन्यांमध्ये देशांतर्गत रोमिंगचा करार नसतो. स्विस कंपनीशी मात्र परदेशी रोमिंगचा करार असतो, म्हणून फोन तिचं दार ठोठावतो आणि ते उघडतं. सरोवरावरही हेच होतं. फ्रीडरिक्सहाफनसमोर पाणी साधारण 12 किलोमीटर रुंद आहे, मध्ये डोंगर नाही की इमारत नाही, त्यामुळे पलीकडच्या टॉवरच्या लहरी सरळ बोटीपर्यंत पोचतात.

बरं, कॅफेतून बाहेर आलात म्हणून फोन लगेच परत येतो असंही नाही. घरचं नेटवर्क पुन्हा किती वेळाने शोधायचं ही मुदत सिममध्ये लिहिलेली असते. ती सहा मिनिटांपासून आठ तासांपर्यंत काहीही असू शकते आणि लिहिलेलीच नसेल तर तासाभराची धरली जाते. तेवढ्यात खिशातल्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केलेला असतो. समजा, दर मेगाबाइटला 1 युरो आहे. तीन-तीन मेगाबाइटचे वीस फोटो चढले की 60 युरो झाले. युरोपीय नियमानुसार डेटाचा खर्च करासह 59.50 युरोवर थांबवला जातो, पण ती अडवणूक डेटापुरतीच आहे. फोनवरचं बोलणं तिच्यात येत नाही आणि स्विस नेटवर्कवर आलेला कॉल उचलला तरी पैसे पडू शकतात.

म्हणून काठावर असताना Data Roaming बंद ठेवण्याबरोबर दुसरंही एक काम करा. आयफोनमध्ये Network Selection, अँड्रॉइडमध्ये बहुधा Network operators इथे जाऊन Automatic बंद करा आणि आपली जर्मन कंपनी हाताने निवडा. मग सिग्नल गेला तर फोन No Service दाखवेल, पण पलीकडे जाणार नाही. तातडीचा 112 तरीही लागतो. ब्रेगेन्झला पोचल्यावर Automatic आणि Data Roaming दोन्ही पुन्हा चालू करावं लागेल, नाहीतर फोन मुका राहील.

आई-बाबांच्या भारतीय सिमचं वेगळं आहे. त्यांना जर्मनीतही रोमिंगवरच इंटरनेट मिळतं, त्यामुळे ते बंद करून चालत नाही. बँकेचा ओटीपी यायला सिम चालू हवं, पण त्यासाठी डेटा लागत नाही. त्यांच्या पॅकच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का ते आधी पाहा. नसेल तर डेटा बंद ठेवा किंवा त्यांच्याही फोनवर जर्मन नेटवर्क हाताने निवडून द्या. सही-सलामत आहोत की नाही हे वर दिसणाऱ्या कंपनीच्या नावावरून कळतं. Swisscom, Sunrise किंवा Salt दिसलं, की लगेच विमान मोड लावा.

बिल आलंच असेल, तर मुकाट्याने भरू नका. जर्मन बिलावर हरकत घ्यायला किमान आठ आठवडे मिळतात. हरकत लेखी घ्या, त्या वेळी तुम्ही जर्मनीतच होतात याचा पुरावा जोडा, म्हणजे बोटीचं तिकीट, कॅफेची पावती, नेटवर्कच्या नावाचा स्क्रीनशॉट, जे असेल ते. नकळत झालेल्या रोमिंगपासून ग्राहकाला वाचवण्यासाठी वाजवी उपाय करणं युरोपीय नियमाने कंपनीवर बंधनकारक आहे, हेही पत्रात लिहा. कंपनी ऐकत नसेल तर Bundesnetzagentur च्या तडजोड कक्षाकडे अर्ज करता येतो.